थायरॉइड आणि तीस दिवसांची रजा

बहारीनमध्ये ऑगस्टात घाम येतो, जीव घाबराघुबरा होतो, दोन जिने चढले की छाती धडधडते. यासाठी कोणी डॉक्टर गाठत नाही, कारण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचीही तीच रड असते. वजन उतरले तर आधी कौतुक होते, मग कोणीतरी साखर तपासायला सांगते. आखातात मधुमेह घरोघरी असल्याने तो सल्ला वावगाही नसतो. साखर ठीक निघाली की विषय मिटतो. केस गळायला लागले तर दोष समुद्राचे खारे पाणी गोडे करून नळाला सोडलेल्या पाण्यावर जातो. हात थरथरतात ते कामाच्या ताणाने आणि दिवसभरातल्या पाच-सहा कडक चहांनी. अतिक्रियाशील थायरॉइडच्या प्रत्येक लक्षणाला इथे असे एकेक तयार उत्तर आहे. म्हणून हा आजार मनामा किंवा रिफामधल्या मराठी घरांत महिनोन्महिने राहतो आणि त्याला नाव मिळत नाही.

तरीही तो ओळखता येतो. उकाड्याने भूक मरते. या आजारात भूक वाढते, माणूस दोन पोळ्या जास्त खातो आणि तरी पँट सैल होते. उन्हाची धडधड सावलीत बसले की शमते. ही धडधड पहाटे एसीच्या खोलीत, अंथरुणातून उठण्याआधीच शंभरच्या वर असते. खोलीत बाकीचे पांघरूण ओढून झोपलेले असताना एकट्यालाच उकडते. कंप पाहायचा तर दोन्ही हात समोर ताठ धरून बोटे फाकवावीत आणि त्यांवर एक साधा कागद ठेवावा. कागदाच्या कडा सतत बारीक फडफडत असतील, तर तो चहाचा दोष नव्हे. जोडीला मांड्यांतली शक्ती गेलेली असते. खाली बसलेला माणूस हाताचा आधार घेतल्याशिवाय उठत नाही.

गळ्याच्या पुढच्या बाजूची ही ग्रंथी टी-३ आणि टी-४ ही दोन संप्रेरके तयार करते आणि सगळ्या शरीराच्या कामाचा वेग ती ठरवतात. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच सोडून तिला हुकूम देत असते. थायरॉइड बेलगाम झाली की पियुषिका आपला हुकूम थांबवते. म्हणून अहवालात टीएसएच जवळजवळ शून्यावर, ०.०१ च्याही खाली जाते आणि फ्री टी-४, फ्री टी-३ वर चढतात. टीएसएच वाढलेले असणे हा उलटा, म्हणजे मंदावलेल्या थायरॉइडचा आजार. आपल्याकडे त्याचेच रुग्ण जास्त असल्याने घरातले अनुभवी लोक नेमके उलटे सल्ले देतात. वहिनीची गोळी नणंदेला दिल्याची उदाहरणे आहेत आणि त्यात हृदयाचे ठोके आणखी वाढण्यापलीकडे काही साधत नाही.

अहवाल हातात आला की गोळ्या सुरू करण्याची घाई होते. आमच्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते, कारण ग्रंथी का उधळली हे कळल्याशिवाय गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया या तिन्ही उपायांपैकी एकाचीही निवड करता येत नाही. तरुण आणि मध्यमवयीनांत बहुतेक वेळा कारण ग्रेव्हज आजार असते: शरीराचीच प्रतिकारशक्ती एक प्रतिपिंड तयार करते आणि ते टीएसएचच्या जागी बसून ग्रंथीला रात्रंदिवस हुकूम देत राहते. उतारवयात ग्रंथीतल्या एखाद्या गाठीने स्वतंत्र कारभार सुरू केलेला असू शकतो. तिसरा प्रकार फसवा आहे. विषाणूच्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या महिन्यांत ग्रंथीला सूज येते आणि आत साठवलेले संप्रेरक बाहेर गळते. तिथे ग्रंथी नवे काही बनवतच नसते. त्यामुळे निर्मिती थांबवणारी गोळी निरुपयोगी ठरते, आणि काही आठवड्यांत साठा संपून पातळी आपोआप खाली येते. रक्तातल्या प्रतिपिंडाची टीआरएबी ही चाचणी आणि गरज पडल्यास ग्रंथी किती द्रव्य ओढते हे दाखवणारा टेक्नेशियम स्कॅन, एवढ्यावर बहुधा उलगडा होतो. सूज असेल तर स्कॅनमध्ये ग्रंथी जवळपास दिसतच नाही. ग्रेव्हजमध्ये ती सगळी उजळते आणि गाठ असेल तर तेवढाच ठिपका.

केसांचा विषय इथे पुन्हा येतो. गळणाऱ्या केसांसाठी दुकानातून मिळणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या पाच-दहा मिलिग्रॅमच्या असतात. शरीराला रोज लागते ते याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. बऱ्याच प्रयोगशाळांची यंत्रे संप्रेरके मोजताना बायोटिनचाच रासायनिक दुवा वापरतात. रक्तात ते जास्त असले की यंत्र टीएसएच खोटे कमी आणि टी-४ खोटे जास्त दाखवते, कधी टीआरएबीसुद्धा खोटी चढते. म्हणजे निरोगी बाईच्या हातात ग्रेव्हजचा पक्का अहवाल. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवली की हा घोळ टळतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. केसांची गोळी ही कोणाला औषधच वाटत नाही.

पाण्याला दोष देण्यात बहारीनचे मराठी लोक एकटे नाहीत. ४ मे १९९१ रोजी, आखाती युद्ध थांबून दोनच महिने झाले होते तेव्हा, अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश कॅम्प डेव्हिडमध्ये धावताना दमले आणि त्यांना धाप लागली. तपासणीत हृदयाची लय बिघडलेली आढळली, तिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, आणि त्याचे मूळ ग्रेव्हज आजारात निघाले. त्यांच्या पत्नी बार्बरा यांना तोच आजार आधीच झालेला होता. त्यांच्या मिली नावाच्या कुत्रीला ल्युपस हा दुसरा, पण प्रतिकारशक्तीचाच आजार होता. एका छपराखाली तिघे म्हटल्यावर त्यांच्या निवासस्थानांचे पाणी तपासले गेले. त्यात काही सापडले नाही. बुश यांना आठवडाभरातच किरणोत्सारी आयोडीन देण्यात आले आणि पुढे ग्रंथी मंदावल्यावर थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली.

त्यांची निवड समजायला सोपी आहे. वय ६६, हृदयाची लय बिघडलेली, मूल होण्याचा प्रश्न नाही. आजार गोळ्यांनी दबून वर्षा-दोन वर्षांनी उलटला असता, तर दुसऱ्या झटक्याची किंमत हृदयाने मोजली असती. अशा माणसाची ग्रंथी एकदाची शांत करणे शहाणपणाचे. पण हाच आजार, याच अहवालासह, दुसऱ्या वयात आणि दुसऱ्या घरात आला की उत्तर बदलते.

समजा, गुदैबियातल्या एका खोली-हॉलच्या फ्लॅटमध्ये राहणारी ३३ वर्षांची बाई आहे. हिशेबनीस म्हणून नोकरी, नवराही नोकरीत, मुलगी तीन वर्षांची, दुसऱ्या मुलाचा विचार चालू. तीन महिन्यांत सहा किलो वजन उतरले आहे, नाडी ११६, आकडे टाइप करताना बोटे चुकतात. टीएसएच ०.०१ च्या खाली, फ्री टी-४ ४८ (प्रयोगशाळेची वरची मर्यादा २२), टीआरएबी ९, जिथे पावणेदोनच्या वर म्हणजे बाधित. डोळे किंचित मोठे दिसतात, पण दुखत नाहीत आणि दृष्टी ठीक आहे. म्हणजे ग्रेव्हज.

तिला पहिल्या दिवशी दोन औषधे मिळतात. प्रोप्रॅनोलॉल धडधड आणि कंप दोन दिवसांत खाली आणते. तिला दमा नाही ना, हे मात्र आधी विचारलेच पाहिजे. हे औषध मूळ आजाराला हातही लावत नाही. ग्रंथीतली निर्मिती थांबवणारी गोळी म्हणजे कार्बिमाझोल, आपल्याकडे निओ-मर्काझोल नावाने ओळखीची, रोज ३० मिलिग्रॅम. तिचा गुण दिसायला तीन-चार आठवडे लागतात, कारण आधी तयार झालेला साठा संपावा लागतो. इथे परदेशी राहणाऱ्यांची एक खास गफलत होते. काही देशांत कार्बिमाझोलऐवजी मेथिमाझोल देतात. ते कार्बिमाझोलचेच शरीरात होणारे रूप आहे, पण १० मिलिग्रॅम कार्बिमाझोल म्हणजे साधारण ६ मिलिग्रॅम मेथिमाझोल. गावाहून आणलेली पट्टी संपली आणि इथल्या दुकानातून ‘तेच’ दुसऱ्या नावाने घेतले, तर आकडा तोच राहून डोस दीडपटीहून जास्त होतो.

पाच आठवड्यांनी तिचा फ्री टी-४ १९ वर येतो, वजन स्थिरावते, झोप लागते. टीएसएच मात्र अजून ०.०१ च्या खालीच. ते पाहून घाबरून डोस वाढवला जातो आणि दोन महिन्यांनी बाई सुस्त, सुजलेली, जाड झालेली परत येते. मुळात महिनोन्महिने दबलेल्या पियुषिकेला जागे व्हायला वेळ लागतो. टीएसएच मागे रेंगाळते, आणि सुरुवातीला पाहायचे ते फ्री टी-४ आणि टी-३. या टप्प्यावर डोस वाढवायचा नसतो, १५-२० वर आणायचा असतो आणि मग दर सहा-आठ आठवड्यांनी रक्त पाहून ५-१० पर्यंत उतरवायचा. असे बारा ते अठरा महिने.

या गोळीचा एक धोका विरळ, पण जीवघेणा आहे. हजारात एक ते पाच लोकांत ती पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल्स जवळजवळ नाहीशा करते, आणि हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत घडते. नियमित रक्त तपासून ते आधी कळत नाही, कारण पेशी काही दिवसांतच कोसळतात. ओळखायचे ते घसा आणि ताप यांवरून. बहारीनमध्ये एसीने घसा धरणे आणि धुळीच्या वाऱ्याने खोकला येणे रोजचेच. माणूस औषधाच्या दुकानातून काहीतरी घेऊन कामावर जातो. कार्बिमाझोल घेणाऱ्याने ताप आणि घसादुखी एकत्र आली तर गोळी त्या क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी पेशींची मोजणी करून घ्यायची. न्यूट्रोफिल्स ५०० च्या खाली असतील तर तडक इस्पितळ, आणि ही गोळी पुन्हा आयुष्यात नाही. मोजणी नीट आली तर उद्यापासून गोळी परत सुरू. एका दिवसाच्या खाड्याने काही बिघडत नाही. ही सूचना लेखी दिली नसेल तर ती मागून घ्यावी. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगभर खाज या खुणाही त्याच कागदावर असाव्यात.

अठरा महिन्यांनी गोळी थांबवली तर साधारण निम्म्या लोकांत आजार परततो. हे नाणे उडवण्यासारखे मात्र नाही, अंदाज बांधता येतो. ग्रंथी लहान, सुरुवातीची पातळी माफक आणि शेवटी टीआरएबी शून्याच्या जवळ, तर गोळी सुटण्याची आशा चांगली. ग्रंथी मोठी, वय कमी, धूम्रपान आणि प्रतिपिंड अजून टिकून, तर परतण्याची शक्यता जास्त. आखाताच्या पलीकडे, तेहरानमध्ये, फेरेदून अझीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेथिमाझोल कमी डोसात पाच ते दहा वर्षे चालू ठेवून पाहिले. नेहमीच्या दीड वर्षाच्या तुलनेत आजार उलटण्याचे प्रमाण त्यात बरेच कमी राहिले. त्यामुळे ‘गोळ्या फसल्या, आता ग्रंथीच संपवा’ हा जुना शिरस्ता सैल झाला आहे. सुरुवातीचे महिने निभावले असतील, तर रोजची अर्धी गोळी वर्षानुवर्षे घेणे हासुद्धा आता मानाचा पर्याय आहे.

आपल्या हिशेबनीस बाईंचा पेच वेगळा आहे. त्यांना मूल हवे आहे आणि कार्बिमाझोल गर्भाच्या सहाव्या ते दहाव्या आठवड्यात व्यंग आणू शकते: टाळूवर कातडी नसणे, नाकाची मागची वाट बंद असणे. म्हणून गर्भधारणेचा बेत असेल तर प्रोपिलथायोयुरॅसिल या दुसऱ्या गोळीवर आधीच जावे लागते. ती यकृताला जड असते, पण त्या आठवड्यांत तुलनेने सुरक्षित. तीही नको असेल आणि दीड-दोन वर्षे थांबायची तयारी नसेल, तर प्रश्न उरतो ग्रंथी संपवण्याचा, आणि तिथे दोन वाटा फुटतात.

किरणोत्सारी आयोडीन ऐकायला भीतिदायक आणि घ्यायला क्षुल्लक आहे. एक कॅप्सूल, एक पेला पाणी. ग्रंथी आयोडीन म्हणून ते ओढून घेते आणि आयोडीन-१३१ मधून निघणारे बीटा किरण जेमतेम दोन मिलिमीटरपर्यंत पोहोचून आतून पेशी जाळतात. बॉस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये हा उपचार पहिल्यांदा माणसावर केला. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, म्हणजे मराठी घरांना हा उपचार परका नाही. ग्रेव्हजसाठी डोस साधारण १० ते १५ मिलिक्युरी. परिणाम दिसायला दीड ते चार महिने लागतात. ग्रंथी मंदावून कायमचे थायरॉक्सिन सुरू होणे हा यातला अपघात नाही, तेच साध्य असते. अर्धवट डोस देऊन ‘नॉर्मल’वर थांबवण्याचा प्रयत्न केला, तर बहुतेक वेळा आजार पुन्हा डोके वर काढतो.

अडचण कॅप्सूलची नसते, त्यानंतरच्या दिवसांची असते. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. डोसानुसार काही दिवस वेगळे झोपावे लागते आणि लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर एक ते तीन आठवडे अंतर ठेवावे लागते. कडेवर घेणे नाही, मांडीवर झोपवणे नाही. एका खोलीच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षांच्या मुलीला हे कसे समजवायचे, हा वैद्यकीय प्रश्न नाही, पण उपचार मोडतो तो इथेच. कामगारांच्या वसतिगृहात एका खोलीत सहा खाटा असतात, तिथेही तेच.

आता रजेचे गणित. वर्षाला तीस दिवस सुट्टी मिळते, मुंबईत तपासण्या स्वस्त आणि ओळखीच्या, म्हणून पुष्कळ जण ‘गावी गेल्यावर एकदाचे करून घेऊ’ असे ठरवतात. पहिला आठवडा नातेवाइकांत जातो, दुसऱ्यात डॉक्टर सापडतो, तिसऱ्यात कॅप्सूल आणि चौथ्यात विमान. त्या विमानात शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावून चार तास बसायचे, तेही शरीरात किरणोत्सार असताना. विमानतळावरची संवेदनशील यंत्रे तर उपचारानंतर दोन-तीन महिन्यांपर्यंत वाजू शकतात. औषधाचे नाव, डोस आणि तारीख लिहिलेले डॉक्टरांचे पत्र खिशात नसेल, तर खुलासा करता करता घाम फुटतो. पण याहून मोठी चूक पुढे आहे. ग्रंथी मंदावते ती दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात, म्हणजे रुग्ण बहारीनमध्ये परत रुळल्यावर. ‘उपचार झाला’ म्हणून त्याने रक्त दिलेले नसते. मग सुस्ती, थंडी वाजणे, सूज आणि आठ किलो वाढलेले वजन घेऊन तो सहा महिन्यांनी उगवतो. पहिले सहा महिने दर चार ते सहा आठवड्यांनी फ्री टी-४ पाहायचा असतो. इथेही टीएसएच मागेच रेंगाळते. ज्याला ही तपासणी जिथे राहतो तिथे करता येणार नाही, त्याने रजेत कॅप्सूल घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. सलमानियासारख्या सरकारी रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग आहे. इथेच विचारून पाहणे हे पहिले पाऊल असावे.

हिशेबनीस बाईंना तर कॅप्सूल आणखी दोन कारणांनी सोयीची नाही. उपचारानंतर किमान सहा महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि ग्रंथी जळताना प्रतिपिंडे काही काळ वाढतात. ती नाळेतून बाळाकडे जातात. आईचे रक्त औषधाने ठीक असतानाही बाळाची ग्रंथी उधळू शकते. दुसरे कारण डोळे. ग्रेव्हजमध्ये डोळ्यांमागची सूज असेल तर किरणोत्सारी आयोडीनने ती पाच-सहापैकी एकात चिघळते, धूम्रपान करणाऱ्यात त्याहून जास्त. सौम्य असेल तर सोबत प्रेडनिसोलोन देऊन निभावता येते. डोळे बाहेर आले असतील, लाल असतील, एकाच्या दोन वस्तू दिसत असतील तर हा मार्ग बंदच समजावा.

म्हणून त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया पुढे येते. संपूर्ण ग्रंथी काढली की आजार त्या दिवशी थांबतो, प्रतिपिंडे हळूहळू उतरतात आणि थायरॉक्सिनचा डोस जमला की मुलाचा विचार करता येतो. ग्रंथी फार मोठी असेल, श्वासनलिकेवर दाब असेल किंवा त्यात कर्करोगाचा संशय येणारी गाठ असेल, तर हाच मार्ग आधी येतो. पण शस्त्रक्रिया गोळ्यांऐवजी करता येत नाही, गोळ्यांनंतर करता येते. पातळी चढलेली असताना भूल दिली तर संप्रेरकांचे वादळ उठून जीव जाऊ शकतो. आधी कार्बिमाझोलने रक्त नॉर्मलवर आणायचे, मग शेवटचे सात ते दहा दिवस ल्युगोलचे आयोडीन थेंब द्यायचे. त्याने ग्रंथीतला रक्तपुरवठा कमी होऊन शल्यविशारदाचे काम सोपे होते. मौजेची गोष्ट अशी की तीस दिवसांच्या रजेत नीट बसणारा उपाय हाच आहे, फक्त रजेआधीचे तीन-चार महिने बहारीनमध्ये गोळ्या आणि तपासण्यांत गेलेले असले पाहिजेत.

शस्त्रक्रियेचे दोन धोके जवळून पाहावेत. ग्रंथीच्या मागून स्वरयंत्राची नस जाते. ती कायमची दुखावली तर आवाज घोगरा होतो. अनुभवी हातांत हे शेकड्यात एक-दोनदा घडते. म्हणून ‘वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता?’ हा प्रश्न उद्धट नाही. उत्तर पंचवीसहून जास्त असेल तर बरे. दुसरा धोका मागे चिकटलेल्या चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथींचा. त्या काही दिवस गप्प झाल्या की रक्तातले कॅल्शियम पडते. एक ते तीन दिवसांत ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे आखडतात. इथे आखात पुन्हा आडवे येते. एवढे ऊन असूनही लोक त्यापासून लपूनच दिवस काढतात, त्यामुळे ड जीवनसत्त्वाची कमतरता इथे सर्रास आढळते. ती शस्त्रक्रियेआधी तपासून भरून काढली नाही, तर कॅल्शियम जास्त पडते आणि रुग्णाचा इस्पितळातला मुक्काम लांबतो.

वैद्यक संस्थाही यावर एकमुखी नाहीत. ब्रिटनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत गोळ्यांनी बरे होण्याची शक्यता चांगली नसेल तर ग्रेव्हजला आधी किरणोत्सारी आयोडीन द्यावे असे आहे. युरोपीय संघटनेने २०१८ मध्ये गोळ्यांना अग्रक्रम दिला. दोघांकडे पुरावे तेच आहेत, फरक पडतो तो आयुष्यभर थायरॉक्सिन घेणे किती मोठी किंमत मानायची यात. आमचा कल बहारीनमधल्या बहुतेक ग्रेव्हज रुग्णांसाठी गोळ्यांनी सुरुवात करण्याकडे आहे. आखाती नोकरीत पुढच्या सहा महिन्यांचा भरवसा नसतो, करार संपू शकतो. गोळ्या घेणारा माणूस जिथे जाईल तिथे उपचार सोबत नेऊ शकतो, आणि नंतर शस्त्रक्रिया किंवा कॅप्सूल घ्यायचे ठरले तर ती दारे उघडीच राहतात.

हा कल गाठीला लागू नाही. सिट्रातल्या एखाद्या कारखान्यात काम करणारा पन्नाशी उलटलेला फोरमन, स्कॅनमध्ये उजवीकडे एकच तापलेला ठिपका, प्रतिपिंड नाही. त्याची गाठ गोळ्यांनी दबते, पण कधीच बरी होत नाही. दीड वर्षाने गोळी थांबवली की पुन्हा तेच. त्याच्यासाठी कॅप्सूल हाच सरळ मार्ग. गाठच आयोडीन ओढते आणि दबून बसलेली बाकीची ग्रंथी बरीचशी वाचते. फक्त धडधडीसाठी तो आधी हृदयाच्या डॉक्टरकडे गेला असेल आणि तिथे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन झाला असेल, तर त्या स्कॅनच्या रंगद्रव्यात भरपूर आयोडीन असते. ग्रंथी त्याने तृप्त होऊन बसते आणि पुढचे महिना-दोन महिने कॅप्सूल वाया जाते. गाठ असलेल्या माणसात ते जादा आयोडीन धडधड आणखी वाढवूही शकते. त्यामुळे धडधड घेऊन आलेल्या माणसाचे टीएसएच सीटीच्या आधी पाहिलेले बरे. ती तपासणी एका नळीभर रक्तात होते आणि उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशी मिळते. फोरमनला कॅप्सूल द्यायचे ठरलेच, तर तारीख वसतिगृहातल्या सोबत्यांच्या सुट्ट्या पाहून धरावी. खोलीत दोनच माणसे उरलेला आठवडा सापडला, तर बाकीचे सगळे सोपे होते.